सेहेचाळीस की सैंतालीस?

दुसरीच्या वर्गात 'सेहेचाळीस लिहा' असे सांगितले की पाट्यांवर साधारण तीन प्रकारची उत्तरे दिसतात. काहींच्या पाटीवर ४६, काहींच्या ६४ आणि काहींच्या ४७. पालकांना शेवटची दोन्ही उत्तरे सारखीच वाटतात. पोराला आकडे येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ ते घेतात आणि 'रोज शंभरपर्यंत पाच वेळा लिही' अशी शिक्षा देतात. पण ६४ लिहिणारा मुलगा आणि ४७ लिहिणारी मुलगी यांची अडचण एक नाही. पहिल्याला शब्द कळलेला आहे, तो लिहायचा कसा हे कळलेले नाही. दुसरीला लिहिणे नीट येते, तिने शब्दच वेगळा ऐकला. पाच वेळा लिहून दोघांचाही फायदा होत नाही.

मांजरसुंब्याजवळच्या कपिलधार परिसरात मी शिकवते. इथे वर्गात घरी मराठी बोलणारी मुले असतात, तशीच घरी उर्दू किंवा दखनी बोलणारीही असतात. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला कर्नाटकातूनही लोक येतात, त्यामुळे कानडी हिशोबही मुलांच्या कानांवर पडतो. आकड्यांची गंमत आणि गोंधळ दोन्ही बघायला ही जागा चांगली आहे.

आधी ६४ लिहिणाऱ्या मुलाकडे बघू. 'सेहेचाळीस' या शब्दात आधी सहा येतो, मग चाळीस. आकडा लिहिताना मात्र आधी चाळीसचा चार लिहायचा आणि मग सहा. मुलगा ज्या क्रमाने ऐकतो त्या क्रमाने लिहितो: सहा, चार. त्याच्या कानाने चूक केलेली नाही. अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत मराठीचे सगळे जोडशब्द असेच उलटे आहेत. उर्दूचेही तसेच. अरबीतही सुटे आधी आणि दशक नंतर बोलतात. कानडीत मात्र दशक आधी येते. नलवत्तु म्हणजे चाळीस, आरु म्हणजे सहा, आणि सेहेचाळीस म्हणजे नलवत्तारु. जसे लिहायचे तसेच बोलायचे. ऊसतोडीला आईबापांबरोबर कर्नाटकात गेलेली एक पोरगी परत आली तेव्हा तिला इप्पत्तोंदु, म्हणजे वीस-एक, बिनचूक लिहिता येत होते आणि एकवीस लिहिताना मात्र ती बारा लिहीत होती.

याच उलट क्रमावरून २०१९ साली महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला, तो अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' असे वाचन दिले होते. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचे म्हणणे असे की लहान मुलांना जोडाक्षरे जड जातात, आकडे उलटे लिहिले जातात, आणि इंग्रजीत व दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलत असल्याने तिथल्या मुलांना ही अडचण येत नाही. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, ती शेजारी दिलेलीच होती. पण टीव्हीवर चर्चा रंगली ती मराठी भाषा मोडली म्हणून. फडणवीसांना आता 'फडण दोन शून्य' म्हणायचे का, अशी थट्टाही झाली.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखेच 'एक आणि वीस' म्हणत. टेलिफोन आले, लोक ऑपरेटरला नंबर तोंडी सांगू लागले आणि उलटे आकडे जुळवताना घोटाळे होऊ लागले. शेवटी १९५१ साली तिथल्या सरकारने अधिकृत बोलणे 'वीस-एक' असे करून टाकले. शाळांत नवे आले, रेडिओवर नवे आले, तरी घरात आणि बाजारात जुने बोलणे पुढची कितीतरी वर्षे चालूच राहिले.

माझे मत विचाराल तर 'चाळीस सहा' ही पायरी म्हणून चांगली आहे, मुक्काम म्हणून नाही. बीडच्या मोंढ्यात कोणी चाळीस सहा रुपये मागणार नाही, आणि ज्या मुलाला सेहेचाळीस कळत नाही त्याला दुकानदाराचे, कंडक्टरचे, आजीचे बोलणे कळणार नाही. शिवाय ही पायरी आपल्याकडे होतीच. जुन्या उजळणीत मुले मोठ्याने म्हणत: एकावर एक अकरा, एकावर दोन बारा, दोनावर शून्य वीस, दोनावर एक एकवीस. नीट ऐका. 'चारावर सहा' हा लिहिण्याचा क्रम आहे आणि 'सेहेचाळीस' हा बोलण्याचा. एका दमात दोन्ही म्हटले की हात आणि जीभ यांची गाठ पडते. पुढे ही उजळणी घोकंपट्टी म्हणून अनेक वर्गांतून गेली. राहिला तो नुसता 'एकवीस, बावीस, तेवीस' असा सूर, ज्यात लिहिण्याचा क्रम कुठेच नाही. घोकंपट्टीतला नेमका उपयोगी तुकडा आपण टाकून दिला.

६४ लिहिणाऱ्या मुलाला मी काड्या देते. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि सहा सुट्या. गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे. तो हात लावून म्हणतो, 'चारावर सहा सेहेचाळीस.' दुसरी एक सवयही लावावी लागते. शब्द पूर्ण ऐकल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही. 'सेहे' ऐकल्याबरोबर सहा लिहिणारी मुले बरीच असतात. शेवट ऐकायचा, शेवटाचा आकडा आधी लिहायचा.

आता शब्दांकडे येऊ. हे शब्द असे वेडेवाकडे का? अकरा ते नव्व्याण्णव यांत वीस, तीससारखे पूर्ण दशक सोडले तर ८१ शब्द उरतात. इंग्रजीत वीसच्या पुढे दोन शब्द शेजारी ठेवले की काम होते. आपल्याला जवळपास प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. याचे कारण साधे आहे. हे शब्द कधीकाळी सरळच होते. संस्कृतात बारा म्हणजे द्वादश, दोन आणि दहा. बाजारात, शेतात, घरात रोज घाईने बोलताना शब्द झिजतात. दोन वेगवेगळे शब्द असते तर वेगवेगळे झिजले असते. पण ते चिकटून एक झालेले होते, म्हणून जिथे चिकटले त्या सांध्यात झिजले. द्वादशमधला 'दश' प्राकृतात 'रह' झाला आणि मराठीत नुसता 'रा' उरला. अकरा, बारा, तेरा, पंधरा, सतरा, अठरा यांतला 'रा' म्हणजे आपला दहाच आहे. चौदामध्ये मात्र 'द' टिकला, कारण चतुर्दशमध्ये त्याच्यावर रफार होता. प्राकृतात तिथे दुहेरी 'द्द' झाला, आणि दुहेरी अक्षर सहजासहजी झिजत नाही.

दोनाचे बघा. सुटा असताना तो 'दोन' आहे, पण जोडशब्दात एकदाही 'द' दिसत नाही: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. मूळ 'द्व' या जोडाक्षरात द आणि व दोन्ही होते. सुट्या शब्दाने 'द' ठेवला, जोडशब्दांनी 'व' ठेवून त्याचा 'ब' केला. म्हणजे दोन आणि बा हे सख्खे भाऊ आहेत, चेहरे तेवढे वेगळे.

पन्नाशीतही असेच. बावन्नमध्ये पन्नासचा 'प' झिजून 'व' झाला. मग छप्पन्नमध्ये 'प' का राहिला? कारण तिथे षट् मधला 'ट्' आणि 'प' मिळून दुहेरी 'प्प' झाला होता. चोपन्नचेही तेच, चतुष्पञ्चाशत् मधल्या 'ष्प'ने त्याला वाचवले. त्रेपन्नला असा आधार नव्हता, त्याने बहुधा शेजारच्या चोपन्नकडे बघून 'प' घेतला. आकडे ओळीने म्हटले जातात, म्हणून शेजाऱ्याचा वाण नाही पण गुण लागतो. सत्तरीत 'स' झिजून 'ह' झाला आहे: एकाहत्तर, बाहत्तर. एवढे सांगितले की सातवी-आठवीची मुले स्वतःच शोधायला लागतात. दुसरीच्या मुलांना यातले काही सांगू नये. त्यांना फक्त दिसले पाहिजे.

ते दिसते कसे? शंभरचा तक्ता आपण आडवा वाचतो. मी तो उभाही वाचून घेते. दोनाच्या रांगेत वरून खाली बोट फिरवले की सगळीकडे 'ब' सापडतो. तीनाच्या रांगेत त किंवा त्र, चाराच्या रांगेत च, पाचाच्या रांगेत प. आठाच्या रांगेत सगळीकडे अ. म्हणजे ८१ शब्द दिसायला वेगळे असले तरी पहिले अक्षर बहुतेक वेळा सुटा आकडा सांगून टाकते आणि शेवट दशक सांगतो. मधला भाग ऐकू आला नाही तरी चालते. हे कळल्यावर मुलांची भीती निम्मी होते.

मात्र दोन ठिकाणी ही युक्ती फसते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. पहिले ठिकाण सहा आणि सात. दोघेही 'स'ने सुरू होतात: सोळा-सतरा, सव्वीस-सत्तावीस, सेहेचाळीस-सत्तेचाळीस, सहासष्ट-सदुसष्ट. तिशीत आणि पन्नाशीत सहाने 'छ' धरला आहे, छत्तीस आणि छप्पन्न, म्हणून तिथे गोंधळ होत नाही. सत्तरीपासून तो 'शहा' होतो, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव, तिथेही होत नाही. या चारच जोड्या धोक्याच्या. आणि आपल्या घरांतल्या मुलांना यांतल्या दोन जास्तच धोक्याच्या.

आता ती ४७ लिहिणारी मुलगी. पाटीवर तिने तीनदा ४७ लिहिले, तेव्हा मी विचारले, 'हा आकडा घरी अम्मी काय म्हणते?' ती म्हणाली, 'सैंतालीस.' उत्तर तिथेच होते. उर्दूत सैंतालीस म्हणजे सत्तेचाळीस. तिने मराठीतला 'सेहेचाळीस' ऐकला, तो कानाला घरच्या सैंतालीससारखा लागला आणि हाताने ४७ लिहिले. तसेच मराठीतला सहासष्ट म्हणजे ६६ आणि उर्दूतला सड़सठ म्हणजे ६७. 'स'ने सुरू होऊन साठाने संपणारा शब्द घरी सदुसष्टचा आहे, शाळेत सहासष्टचाही आहे. मुलीला आकडे येत नव्हते असे कोण म्हणेल? तिला दोन भाषांतले आकडे येत होते, फक्त त्यांची सरमिसळ झाली होती.

याचा उपायही घरच्या भाषेतच सापडला. उर्दूत सोलह सोडला तर सहा कधी 'स' होत नाही, तो 'छ'च राहतो: छब्बीस, छत्तीस, छियालीस, छप्पन, छियासठ, छिहत्तर, छियासी, छियानवे. म्हणून उर्दू बोलणारे मूल घरच्या भाषेत सहा-सातमध्ये अडखळत नाही. मराठीत जुना 'छ' कित्येक शब्दांत 'स' झाला. उर्दूत छुरी, मराठीत सुरी. उर्दूत मछली, मराठीत मासा. उर्दूत छह, मराठीत सहा. मी त्या मुलीला आधी छुरी-सुरी आणि मछली-मासा सांगितले, मग विचारले, 'आता छब्बीस मराठीत कसा होईल?' ती थोडी थांबली आणि म्हणाली, 'सव्वीस.' छियालीसला सेहेचाळीस तिने स्वतः जोडला. नंतर दोन दिवस आम्ही फक्त या चार जोड्या उर्दू-मराठी अशा समोरासमोर म्हटल्या. 'घरचे आकडे विसर, शाळेचे पाठ कर' असे सांगितले असते तर तिच्या हातातला आधारच गेला असता. चाळीशीत आणखी एक फरक मुलांना दाखवावा. उर्दूत सांध्यातला 'च' झिजून 'त' उरला, इकतालीस, पैंतालीस. मराठीने मात्र 'चाळीस' स्पष्ट ठेवला: एक्केचाळीस, पंचेचाळीस.

फसण्याचे दुसरे ठिकाण एक आणि नऊ. एकवीस आणि एकोणतीस दोन्ही 'एक'ने सुरू होतात, पण एकोणमधला एक वाढवायचा नसून कमी करायचा आहे. 'ऊन' म्हणजे उणा. एकोणसाठ म्हणजे एक उणे साठ. मुलगा शेवटी 'साठ' ऐकतो, नऊ आहे हे त्याला आठवत असते, आणि तो ६९ लिहितो. ही चूक मला उलट्या आकड्यांइतकीच भेटते. तिला काड्या उपयोगी पडत नाहीत, पावले उपयोगी पडतात. अंगणात खडूने पट्टी आखायची, मुलाला साठावर उभे करायचे आणि 'एकोण' म्हटले की एक पाऊल मागे यायला लावायचे. चार-पाच दशकांवर हे केले की एकोणचे आठही शब्द एकदम येतात, कारण मराठीत ते सगळे सरळ आहेत: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, असे एकोणनव्वदपर्यंत.

उर्दूत ते तितके सरळ नाहीत. उनतीस, उनचास, उनसठ, उनहत्तर, उनासी इथपर्यंत 'उन' म्हणजे उणाच आहे. पण ८९ ला उर्दू 'नवासी' म्हणते, नऊ आणि ऐंशी. मराठी अजून एक पाऊल पुढे जाऊन एकोणनव्वद म्हणते आणि ९९ ला मात्र वाट बदलते. 'एकोणशंभर' असे कोणी म्हणत नाही, म्हणतात नव्व्याण्णव. नऊ हा आकडा मराठी जोडशब्दांत दिसतो तो फक्त इथेच. अल्लाहच्या नव्याण्णव नावांची हदीस आपल्या मुलांनी ऐकलेली असते. तिच्यात नव्याण्णव सांगून लगेच 'एक कमी शंभर' असेही म्हटले आहे. वर्गात ९९ आले की मी हे सांगते, म्हणजे जो 'एकोण' मराठीने इथे सोडला तो मुलांना अरबीकडून मिळतो.

आमच्या भागात एक अडचण अशी आहे की दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरे ऊसतोडीला निघून जातात आणि मुले बरोबर नेली जातात. पन्नाशीच्या पुढचे आकडे शिकवायची वेळ येते तेव्हा ती मुले फडात असतात. म्हणून मी दिवाळीआधी शंभरपर्यंत ओळीने जायचा हट्ट सोडला. उभ्या रांगा आधी शिकवते. दोनाची रांग आली की मुलगा बावन्न, बासष्ट, बाहत्तर सगळे एकदम घेऊन जातो, आणि तिकडे वजनाच्या पावतीवर ७२ दिसले तर वाचू शकतो. परत आल्यावर राहते ती सहा-सातची आणि एकोणची दुरुस्ती.

घरी तपासायचे असेल तर शंभर आकडे लिहायला लावू नका. आठ पुरे: सव्वीस, सत्तावीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकोणसाठ, सहासष्ट, एकोणनव्वद. ओळीने नाही, मागेपुढे करून सांगा, आणि चूक झाली तर लगेच खोडू नका. त्रेपन्नला ३५ आले तर मुलाला शब्द येतो, त्याला 'पाचावर तीन' म्हणायला लावा. ४३ किंवा ६३ आले तर दशकाचा शेवट पक्का नाही, पन्नाशीची ओळ एकदा आडवी वाचा. सहासष्टला ६७ आले तर विचारा की घरी काय म्हणतात. एकोणसाठला ६९ आले तर खडू घेऊन अंगणात जा. आणि एकोणनव्वदला ९९ आले तर पट्टी नव्वदपासून आखा, तिथून एकच पाऊल मागे.